दीड एकराचे एक हेक्टर वीस आर: ऊसनोंदीचे कागदी अर्ज डेटाबेसमध्ये नेताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागासाठी आम्ही तिघांनी केलेल्या कामाची ही हकिगत आहे. कारखान्याचं, गावांचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही बारकावे बदलले आहेत. कामाचा क्रम आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत.

ऊस लावला की शेतकरी कारखान्याकडे त्याची नोंद करतो. गट ऑफिसातला शेती मदतनीस त्यासाठी एक पानी अर्ज भरतो. त्यात सभासद क्रमांक, नाव, गाव, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख, लागणीचा प्रकार आणि बँक खातं असतं. खाली शेतकऱ्याची सही किंवा अंगठा. या अर्जावरून पुढे तोडणी कार्यक्रम लागतो. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो, सुरू ऊस साधारण बारा महिन्यांनी. तारीख चुकली की शेतकऱ्याची पाळी मागे-पुढे होते आणि क्षेत्र चुकलं की त्या गावात किती टोळ्या, किती वाहनं पाठवायची याचा हिशेब बिघडतो.

दरवर्षी असे सुमारे अकरा हजार अर्ज जमायचे. चार ऑपरेटर ते टाइप करायचे आणि त्यात अडीच महिने जायचे. तोपर्यंत शेतकी अधिकाऱ्यांच्या हातात गावनिहाय आकडे नसायचे. आमच्याकडे काम आलं ते एका वाक्यात: "स्कॅनर घेतलाय, आता अर्ज आपोआप कॉम्प्युटरमध्ये गेले पाहिजेत."

अडचण नेमकी काय होती

अर्जावरचे छापील मथळे मराठीत होते आणि भरलेला मजकूर पूर्णपणे हाताने लिहिलेला. टेसरॅक्ट या ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या, इंजिनाला `mar` ही भाषा देऊन छापील मथळे नीट वाचता येत होते, पण ते इंजिन मुळात छापील अक्षरांसाठी घडवलेलं आहे. बॉलपेनने घाईत लिहिलेल्या नावांचं त्याने काय केलं, ते पहिल्याच दिवशी दिसलं: एकही नाव वापरण्याजोगं निघालं नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. काही मदतनीस मराठी आकडे लिहीत, काही इंग्रजी. हाताने लिहिलेला मराठी १ आणि इंग्रजी 9 शेजारी ठेवून पाहा. एकाच माणसाच्या हातचे असले तरी वेगळे सांगता येत नाहीत. मराठी ४ चा वरचा भाग मिटला की तो इंग्रजी 8 दिसतो. इंग्रजी 4 वरून उघडा ठेवला की मराठी ५ शी गल्लत होते. त्यामुळे "हा आकडा कोणता" हा प्रश्न त्या एका चौकोनात सुटत नाही.

तिसरी अडचण कागदाची. अर्ज स्थानिक छापखान्यात पुस्तकांच्या रूपात छापलेले होते आणि दोन खेपांत. दुसऱ्या खेपेत टेबल चारेक मिलिमीटर खाली सरकलं होतं. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. पण ठरलेल्या जागेवरून चौकोन कापून घेतला की दुसऱ्या खेपेच्या अर्जांत आकड्याचा वरचा भाग तेवढा हाती येतो आणि खालचा अर्धा भाग कापला जातो. आम्हाला हे कळलं ते ७ आणि १ अचानक कमी दिसू लागले तेव्हा. सगळ्या अर्जांतल्या आकड्यांची वारंवारता मांडून पाहिली तर एका ठरावीक अनुक्रमांकापासून पुढे ती एकदम बदलत होती. तिथूनच नवी खेप सुरू झाली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता जुनीच पद्धत ठेवून ऑपरेटर वाढवण्याचा. तो वाईट नव्हता. चार ऑपरेटरांचे आठ केले असते तर वेळ निम्मा झाला असता. पण टाइप करताना झालेली चूक कुठे शोधायची याचं उत्तर त्यात नव्हतं, कारण टाइप झालेली नोंद आणि कागद यांचा पुढे काही संबंध राहत नव्हता.

दुसरा, अर्ज नव्याने छापायचा: प्रत्येक आकड्याला वेगळा चौकोन, चार कोपऱ्यांत काळ्या खुणा, जात आणि लागणीचा प्रकार यांना नुसती खूण करायची वर्तुळं. हाच सर्वांत बरा उपाय होता, पण त्या हंगामाचे अर्ज आधीच भरून झाले होते. तो पुढच्या वर्षावर गेला.

तिसरा, हस्ताक्षर वाचणाऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेकडे पूर्ण पान पाठवायचं. खातं क्रमांक आणि सह्या असलेले कागद बाहेर पाठवायला कारखाना तयार नव्हता, आणि ते आम्हाला पटलं.

चौथा पर्याय शेतकी अधिकाऱ्यांशी बोलता बोलता निघाला. आम्ही त्यांना विचारलं, "साहेब, यातलं तुमच्याकडे आधीपासून काय आहे?" ते म्हणाले, "सभासदांचं रजिस्टर आहे ना. नाव, गाव, खातं, सगळं. दरवर्षी नवीन असतं ते फक्त क्षेत्र, जात, तारीख आणि गट नंबर."

या उत्तराने कामाचा आकारच बदलला. नाव वाचायची गरजच नव्हती. सभासद क्रमांक बरोबर वाचला की नाव, गाव, खातं रजिस्टरमधून येतं; अर्जावरचं नाव उरतं ते पडताळणीसाठी. अर्जावरच्या रकान्यांपैकी हस्ताक्षरातले पाचच रकाने खऱ्या अर्थाने वाचायचे होते, आणि जातीचं नाव सोडलं तर त्यांत मुख्यतः आकडेच होते. आम्ही हा पर्याय घेतला.

वाचनाची घडी

अर्ज ३०० डीपीआयवर, ग्रे रंगात स्कॅन केले. आधी काळं-पांढरं स्कॅन करून पाहिलं होतं. फिकट निळ्या बॉलपेनच्या रेषा त्यात तुटतात. प्रत्येक पान छापील मथळ्यांच्या आधाराने मूळ नमुन्यावर बसवून घेतलं आणि दोन खेपांसाठी दोन नमुने ठेवले. ज्याच्याशी मथळे जास्त जुळतील तो नमुना. मग ठरलेले चौकोन कापले.

अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात छापखान्याने नंबरिंग मशीनने लाल शाईत मारलेला अनुक्रमांक होता. तो छापील असल्याने टेसरॅक्टला एका ओळीचा `--psm 7` देऊन आणि फक्त आकड्यांची मुभा देऊन स्वच्छ वाचता आला. हस्ताक्षरातल्या आकड्यांसाठी एक लहान न्यूरल नेटवर्क आम्ही याच अर्जांतून कापलेल्या चौकोनांवर शिकवलं. त्यात वर्ग दहा नव्हे, वीस ठेवले: मराठीचे दहा, इंग्रजीचे दहा.

वीस वर्ग ठेवण्यामागचा विचार असा होता. एका चौकोनात १ की 9 हे ठरत नसेल, तर तो निर्णय त्या चौकोनापुरता घ्यायचाच नाही. त्याच अर्जावर कुठेतरी ८ किंवा ७ किंवा ६ लिहिलेला असतो, आणि मराठी ८ कुणाला इंग्रजी आकड्यासारखा वाटत नाही. तसंच इंग्रजी 5 आणि 7 आपली ओळख लपवत नाहीत. असे पक्के आकडे मोजून आधी अख्ख्या अर्जाची लिपी ठरवायची, आणि मग संशयाचे आकडे त्या लिपीत वाचायचे. ज्या अर्जावर दोन्ही लिप्यांचे पक्के आकडे सापडले, तो थेट माणसाकडे.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

लिपी ठरवायची ही पायरी आम्ही सुरुवातीला केली नव्हती, हे इथे स्पष्ट सांगतो. पहिले दोन आठवडे आम्ही सोपा मार्ग धरला होता. इंजिन प्रत्येक आकड्यासोबत एक खात्रीचा आकडा देतं, शंभरपैकी. नव्वदच्या वर असेल तर आपोआप स्वीकार, खाली असेल तर माणसाने पाहायचं.

त्या दोन आठवड्यांत एका गट ऑफिसच्या क्षेत्राची बेरीज अवाच्या सवा निघाली. तिथल्या मदतनिसांना आम्ही यादी वाचून दाखवली. एका नावावर ते थांबले. "ह्यांच्या शेतात मी स्वतः उभा होतो. वीस गुंठं बी नाही, अन् तुमी नव्वद आर कुठनं आणलं?"

कागद काढून पाहिला. मराठीत "०.१०" लिहिलं होतं आणि १ हा 9 म्हणून वाचला गेला होता. खात्री होती ९७. इंजिन खोटं बोललं नव्हतं. तो आकार खरोखरच इंग्रजी 9 सारखा होता. आपण ओळखलेला आकार शिकवलेल्या आकारांशी किती जुळतो, एवढंच तो खात्रीचा आकडा सांगतो. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्याला माहीत नसतं. ती उंबरठ्याची पद्धत आम्ही त्याच संध्याकाळी बंद केली, आपोआप स्वीकारलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा "तपासणी बाकी" केल्या आणि लिपीची पायरी आणली.

हे करता आलं, कारण आम्ही मूळ वाचन पुसलं नव्हतं. प्रत्येक रकान्याचं कच्चं वाचन, खात्री, शेवटी ठरलेली किंमत आणि ती कुणी ठरवली, हे वेगळं ठेवलेलं होतं:

```sql
CREATE TABLE ocr_field (
  form_id     bigint NOT NULL REFERENCES form(id),
  field_name  text   NOT NULL,
  raw_text    text,
  conf        numeric(5,2),
  final_value text,
  status      text   NOT NULL
    CHECK (status IN ('auto','review','verified')),
  verified_by text,
  CHECK (status <> 'verified' OR verified_by IS NOT NULL),
  PRIMARY KEY (form_id, field_name)
);
```

`PRIMARY KEY` च्या वरची ओळ लहान दिसते, पण तिच्यामुळे "तपासलं" असं लिहिताना तपासणाऱ्याचं नाव टाकावंच लागतं. ही अट प्रोग्रॅममध्ये ठेवली असती तर घाईच्या दिवशी कुणीतरी थेट टेबलात बदल करून ती ओलांडली असती.

कोणती किंमत आपोआप दुरुस्त करायची

पुढचा प्रश्न होता चुकलेलं वाचन स्वतः सुधारायचं की फक्त बोट दाखवायचं. आमच्यात यावर दोन दिवस वाद झाला आणि उत्तर रकान्यागणिक वेगळं निघालं.

उसाची जात घ्या. कारखान्याच्या कार्यक्षेत्रात जेमतेम आठ-दहा जाती लावतात. को ८६०३२ ला ८६०३३ वाचलं गेलं तर ८६०३३ नावाचं काही यादीत नाही आणि जवळचं दुसरंही काही नाही. इथे आपोआप दुरुस्ती सुरक्षित आहे. मदतनीस नुसतं "२६५" लिहीत, त्याचा अर्थ कोएम ०२६५ हेही यादीतून ठरवता येतं.

सभासद क्रमांकाचं उलट. तिथेही यादी आहे, पण ती दाट आहे. ४३१२ सभासद आहे, ४३१३ ही आहे, ४३१८ ही आहे. चुकीचं वाचन दुसऱ्याच खऱ्या माणसावर जाऊन बसतं आणि "यादीत आहे का" ही तपासणी आनंदाने पुढे जाऊ देते. इथे आम्हाला अनुक्रमांकाची मदत झाली. अर्जांची पुस्तकं गट ऑफिसांना क्रमाने दिलेली होती, त्यामुळे लाल अनुक्रमांकावरून ऑफिस कळतं, ऑफिसवरून गावं कळतात. वाचलेला सभासद त्या गावांतला नसेल तर वाचन चुकलं. उरलेल्यांसाठी पडद्यावर अर्जावरच्या नावाचा तुकडा आणि शेजारी रजिस्टरमधलं नाव दाखवलं. माणसाने जुळतं की नाही एवढंच सांगायचं.

लागण तारखेची पडताळणी मला सगळ्यांत आवडली. इंग्रजी 1 ला वरून आडवी रेघ दिली की तो 7 होतो, म्हणून जानेवारी आणि जुलै यांची अदलाबदल होत होती. तारीख म्हणून दोन्ही बरोबर. पण जुलै-ऑगस्टची लागण आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी आणि डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरू. अर्जावर लागणीच्या प्रकारावर खूण असतेच. 07 वाचलं आणि खूण "सुरू"वर असेल तर दोन्हींपैकी एक चुकलेलं आहे. यातही आम्ही तारीख स्वतः बदलली नाही, कारण कधी कधी खूणच चुकीच्या जागी असायची. दोन रकाने एकमेकांशी भांडले की अर्ज माणसाकडे, हा नियम ठेवला.

गट नंबरमधली तिरकी रेघ इंग्रजी 1 वाचली जाते. १२३/२ चं १२३१२ होतं. त्या गावातला सर्वांत मोठा गट नंबर किती, हे पाहिलं की हे बहुतेक पकडलं जातं. लहान नंबरांत पकडलं जात नाही: १२/२ चं १२१२ होणार आणि मोठ्या गावात १२१२ गट असू शकतो. हा रकाना म्हणून पूर्णपणे माणसानेच टाइप करायचा ठरवला. ओसीआरला एखादा रकाना जमत नाही हे मान्य करून तो काढून घेणं हाही निर्णयच असतो, आणि तो आम्ही आणखी लवकर घ्यायला हवा होता.

गावाच्या नावांनी थोडा त्रास दिला, तो वाचनाचा नव्हता. रजिस्टर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेलं होतं. त्यात "ऱ्ह" दोन प्रकारे साठवलेला होता; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना केली तर वेगळे. नुसतं युनिकोडचं प्रमाणीकरण करून हे जुळत नाही, आणि न दिसणारा जोडचिन्हाचा अक्षरसंकेत सरसकट काढला तर "ऱ्ह" चा "र्ह" होतो. म्हणून क्रम पाळावा लागतो:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
s = s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
s = unicodedata.normalize("NFC", s)
```

क्षेत्राचं एकक

लिपीचा प्रश्न सुटल्यावरही काही गट ऑफिसांची बेरीज जमेना. आता कागदावरचा आकडा आणि डेटाबेसमधला आकडा तंतोतंत सारखे होते. तरी बेरीज जवळजवळ दुप्पट.

आम्ही पुन्हा त्याच मदतनिसांकडे गेलो. त्यांनी अर्ज हातात घेतला, "१.२०" वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये दीड एकर हाय."

अर्जावर छापलेलं होतं "क्षेत्र हे. आर". पण आमच्या भागात जमीन एकर-गुंठ्यांत बोलतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. दीड एकर म्हणजे एक एकर वीस गुंठे, आणि ते १.२० असंच लिहितात. सव्वा एकर १.१०, पावणेदोन एकर १.३०. छापील मथळ्याप्रमाणे वाचलं तर १.२० म्हणजे १२० आर. एकर-गुंठ्यांनी वाचलं तर साठ गुंठे, म्हणजे साधारण ६०.७ आर. दीड एकर ऊस आमच्या नोंदीत जवळजवळ तीन एकर झाला होता. वाचन बरोबर, लिपी बरोबर, मर्यादेतही बसतं, आणि तरी नोंद चूक.

टिंबानंतरचा आकडा ४० किंवा त्याहून मोठा असेल तर तो गुंठा असूच शकत नाही, ते हेक्टर-आरच. पण त्याखालचे सगळे संदिग्ध होते, आणि तेच बहुसंख्य होते. "१.२" असंही काही ठिकाणी होतं, ते एक एकर दोन गुंठे की वीस, हे कागदावरून कळत नव्हतं.

इथे तीन मार्ग होते. छापील एकक प्रमाण मानायचं, हा पहिला; कागदोपत्री निर्दोष, पण चुकीचा हे आम्हाला आता माहीत होतं. प्रत्येक शेतकऱ्याला फोन करायचा, हा दुसरा. हंगाम तोंडावर आलेला. तिसरा सुचवला त्या मदतनिसांनीच: "अर्ज कुणी भरला ते बघा. आमच्यात दोघं हेक्टरात लिवत्यात, बाकीचे एकरात." अर्ज भरणाऱ्याची सही खाली होतीच. आम्ही प्रत्येक मदतनिसाला त्याचेच दहा अर्ज दाखवून विचारलं, उत्तर लिहून घेतलं आणि त्या माणसाच्या अर्जांना ते एकक लावलं.

मग ते गृहीत धरून न थांबता ताळा घेतला. ज्या सभासदाने त्याच गट नंबरात गेल्या वर्षीही ऊस लावला होता, तिथे शेतात मोजलेलं क्षेत्र कारखान्याकडे होतं. दोन आकडे पंचवीस टक्क्यांच्या आत जुळले तर ठीक, नाही तर अर्ज फेरमोजणीच्या यादीत. एका मदतनिसाच्या अर्जांत मधले दोन आठवडे काहीच जुळेना. चौकशी केली तर ते रजेवर होते, बदलीवरच्या माणसाने हेक्टरात भरून ठेवलं होतं आणि परत आल्यावर यांनी सह्या केल्या होत्या.

डेटाबेसमध्ये क्षेत्र चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात साठवलं. शेजारी कागदावरचा मजकूर "१.२०" जसाच्या तसा आणि लावलेलं एकक वेगळ्या रकान्यात. मूळ मजकूर अंकाच्या रकान्यात ठेवला असता तर १.२० आणि १.२ हा फरक तिथेच पुसला गेला असता.

हरवलेले आणि दोनदा आलेले अर्ज

स्कॅनरच्या ट्रेमध्ये कागद अडकला की ऑपरेटर शेवटचे तीन-चार कागद पुन्हा घालायचा. त्याने तेच करायला हवं. दुबार नोंद टाळायला आम्ही प्रत्येक फाइलचा SHA-256 ठसा ठेवला होता. तो कामाला आला नाही. तोच कागद दुसऱ्यांदा स्कॅन केला की चित्र केसभर वेगळं येतं आणि ठसा पूर्ण बदलतो. असा ठसा एकच फाइल दोनदा आली तर पकडतो, एकच कागद दोनदा आला तर नाही. शेवटी हंगाम आणि लाल अनुक्रमांक मिळून एकमेव असण्याची अट टेबलावर घातली.

त्याच अनुक्रमांकाने उलटी चूकही दाखवली. दोन कागद चिकटून एकत्र गेले की मागचा स्कॅनच होत नाही, आणि नसलेल्या नोंदीची कोणतीच तपासणी होत नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक पुस्तकातले गायब क्रमांक काढून यादी द्यायला लागलो. बहुतेक रद्द केलेले अर्ज निघायचे, पण काही खरे, भरलेले, सही केलेले असायचे. त्यातला एकेक म्हणजे एका घराचा वर्षाचा ऊस. ही यादी पहिल्या दिवसापासून हवी होती.

तपासणीचा पडदा

माणसाकडे गेलेले अर्ज नीट तपासले जातात का, हे पाहायला रोज पन्नास अर्ज दुसऱ्या ऑपरेटरकडून नव्याने टाइप करून घेतले, ओसीआरचं उत्तर न दाखवता. दोघांच्या उत्तरांत अपेक्षेपेक्षा जास्त फरक आला. कारण पडद्यातच होतं. आम्ही चित्राच्या तुकड्याशेजारी वाचलेली किंमत भरून दाखवत होतो आणि बरोबर असेल तर एंटर दाबायचं होतं. दिवसाला हजार तुकडे पाहणाऱ्या माणसाला लिहिलेलं उत्तर दिसलं की डोळा तेच चित्रात पाहतो. ऑपरेटरचा त्यात दोष नाही.

आम्ही रकाना रिकामा ठेवला. ऑपरेटरने फक्त चित्र पाहून टाइप करायचं. वाचलेल्या किमतीशी जुळलं तर पुढे, नाही तर दुसऱ्या ऑपरेटरकडे. वेग थोडा कमी झाला, पन्नास अर्जांच्या ताळ्यातला फरक मात्र पहिल्याच आठवड्यात बराच खाली आला.

निष्पत्ती

अडीच महिन्यांचं काम पाच आठवड्यांत झालं, त्यातले पहिले दोन आठवडे पुन्हा करावे लागले ते धरून. चार ऑपरेटरांपैकी दोघं तपासणीवर राहिले, दोघं शेतकी विभागाच्या दुसऱ्या कामाला गेले. शेवटी साधारण पाचातला एक अर्ज कोणत्या ना कोणत्या रकान्यासाठी माणसासमोर येत होता, आणि गट नंबर तर सगळेच माणसाने टाइप केले. बँक खातं अर्जावरून कधीच घेतलं नाही; खातं क्रमांकात चूक पकडणारा तपासअंक असेलच याची खात्री नसते, म्हणून रजिस्टरमधलंच प्रमाण मानलं आणि शेतकऱ्याला खातं बदलायचं असेल तर पासबुकाच्या प्रतीसह वेगळा अर्ज.

फेरमोजणीच्या यादीत आलेल्या शेतांवर मदतनीस प्रत्यक्ष जाऊन आले. काही ठिकाणी आमचं वाचन चुकलं होतं, काही ठिकाणी कागदच चुकला होता.

वेगळं काय करता आलं असतं

मदतनिसांना आम्ही भेटलो ते बेरीज बिघडल्यावर. पहिल्या आठवड्यात त्यांच्यापैकी दोघांना शेजारी बसवून वीस अर्ज मोठ्याने वाचून घेतले असते, तर "१.२०" ला "दीड एकर" म्हटलेलं तेव्हाच कानावर पडलं असतं.

पुढच्या वर्षीच्या अर्जावर क्षेत्राच्या रकान्यात "एकर गुंठे" आणि "हेक्टर आर" अशी दोन वर्तुळं आली, एकावर खूण करायची. टिंबाऐवजी मध्ये जाड उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोन आले. "१.२" लिहायला आता जागाच नाही. गट नंबरचे तीन भाग वेगळे केले, महिन्याला बारा वर्तुळं दिली. मराठी की इंग्रजी आकडे, याची सक्ती मात्र केली नाही. एका मदतनिसांनी तीस वर्षं मराठी आकड्यांत रजिस्टर लिहिलं होतं. त्यांचा हात बदलायला लावण्यापेक्षा लिपी ओळखणारी पायरी ठेवणं आम्हाला योग्य वाटलं, आणि ती अजून चालू आहे.